पॉलिसी नको, एवढंच लिहा

बँकेत मुदत ठेव संपते, पैसे बचत खात्यात जमा होतात आणि दोनच दिवसांत फोन येतो. "काका, ठेवीपेक्षा चांगलं आलंय. दहा वर्षं लाख-लाख भरा, दुप्पट गॅरंटीड." सांगलीतल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या एखाद्या दुकानदाराला असा फोन आला, त्याने टॅबवर सही केली आणि खात्यातून एक लाख रुपये गेले, असं समजू. आठवड्याने ईमेलवर पॉलिसी येते. ती उघडल्यावर त्याला कळतं की ही ठेव नाही, विमा आहे. एकदा नाही, दहा वर्षं दरसाल लाख भरायचे आहेत आणि ते 'दुप्पट' मिळणार विसाव्या वर्षी.

दुप्पट हा शब्द इथे खोटा नाही, गंमत तीच आहे. दहा लाखांचे वीस लाख खरोखरच होतात. पण पहिला लाख वीस वर्षं अडकतो आणि शेवटचा अकरा वर्षं. हिशेब मांडला तर परतावा वर्षाला साधारण साडेचार टक्के पडतो. विकणाऱ्याने रक्कम सांगितली, काळ गिळला. काही पॉलिसींत तर रकमेचीही खात्री नसते. लाभांच्या तक्त्यात चार टक्के आणि आठ टक्के असे दोन रकाने असतात. हे दर केवळ गृहीत धरलेले असतात, पण ग्राहकापुढे आठ टक्क्यांच्या रकान्यावर पेनाने गोल काढून तीच 'गॅरंटी' म्हणून दाखवली जाते. तक्त्यात हमीची रक्कम आणि बिनहमीची रक्कम वेगवेगळी छापलेली असते. पॉलिसी हातात आली की आधी तोच कागद शोधावा.

या दुकानदाराच्या हातात एक हक्क आहे, तो म्हणजे फ्री लूक. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांनुसार पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. पूर्वी ही मुदत साधारणपणे पंधरा दिवसांची होती आणि ऑनलाइन किंवा फोनवरून घेतलेल्या पॉलिसींनाच तीस दिवस मिळत. आता कागद टपालाने येवो वा ईमेलने, दिवस तीसच. ते सहीच्या किंवा पैसे भरल्याच्या तारखेपासून नव्हे, तर पॉलिसी मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचे. त्यामुळे टपालाचं पाकीट फेकू नये आणि ईमेल पुसून टाकू नये. कधीकधी फॉर्म भरताना एजंट ग्राहकाच्या ईमेलच्या जागी स्वतःचाच टाकतो आणि पॉलिसी ग्राहकापर्यंत पोचतच नाही. तसं झालं असेल तर ती प्रत्यक्ष कधी आणि कशी हाती आली हे पत्रात स्पष्ट लिहावं.

आता पत्र. फसवला गेलेला माणूस चार पानं लिहितो. त्यात बँकेतल्या मुलीचं नाव, तिने दिलेली आश्वासनं, मनस्ताप आणि कारवाईची मागणी असं सगळं येतं. राग रास्त आहे, पण इथे तो आडवा येण्याचा धोका आहे. ते पत्र कंपनीत 'तक्रार' म्हणून नोंदलं जाऊ शकतं. मग चौकशी होते, पुरावे मागितले जातात, ग्राहकाशी झालेल्या पडताळणी फोनचं रेकॉर्डिंग काढलं जातं. त्या फोनवर 'सगळ्याला हो म्हणा' असं विकणाऱ्याने आधीच पढवलेलं असतं आणि ग्राहक हो-हो म्हणून मोकळा झालेला असतो. फ्री लूकमध्ये मात्र फसवणूक सिद्ध करावी लागत नाही. अटी पसंत नाहीत, एवढं कारण पुरतं. म्हणून रद्द करण्याचं पत्र वेगळं आणि तक्रार वेगळी ठेवावी, आणि पत्र आधी पाठवावं.

पत्र असं असू शकतं:

"विषय: फ्री लूक कालावधीत पॉलिसी रद्द करणे. पॉलिसी क्रमांक अमुक. ही पॉलिसी मला 3 जून रोजी ईमेलने मिळाली. अटी वाचल्या, हप्त्यांचा काळ आणि परतावा मला विक्रीच्या वेळी सांगितलेल्या माहितीशी जुळत नाहीत आणि या अटी मला मान्य नाहीत. तीस दिवसांच्या मुदतीत मी ही पॉलिसी रद्द करत आहे. या पॉलिसीवर मी कोणताही दावा केलेला नाही. त्याऐवजी दुसरी पॉलिसी किंवा बदल मला नको. नियमाप्रमाणे रक्कम सोबतच्या रद्द केलेल्या धनादेशावरील खात्यात जमा करावी."

खाली सही, तारीख आणि मोबाइल नंबर. सोबत ओळखपत्राची प्रत, आणि छापील बाँड मिळाला असेल तर तोही. बाँड देण्यापूर्वी त्याची झेरॉक्स ठेवावी.

'दुसरी पॉलिसी नको' हे वाक्य उगाच घातलेलं नाही. पत्र पोचताच फोन सुरू होतात. 'साहेब, रद्द कशाला, यापेक्षा चांगल्या प्लॅनमध्ये बदलून देतो', 'पुढच्या आठवड्यात मी घरी येतो.' त्या पुढच्या आठवड्यातच तीस दिवस सरतात. पत्र एजंटाच्या हाती देऊन 'मी जमा करतो' या शब्दावर विसंबणं सर्वांत महागात पडतं. पॉलिसी बँकेने विकली तरी ती विमा कंपनीची असते. पत्र कंपनीच्या शाखेत नेऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा, आणि त्याच दिवशी तेच पत्र पॉलिसीवर छापलेल्या ग्राहकसेवा ईमेलवरही पाठवावं. शाखा दूर असेल तर स्पीड पोस्ट करून पावती जपावी.

पैसे किती परत मिळतात? कंपनी तीनच गोष्टी कापू शकते: जितके दिवस विमा लागू होता तितक्या दिवसांची जोखमीची रक्कम, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क. दुकानदाराचा विमा दहा लाखांचा आहे. मुद्रांक हजाराला वीस पैसे, म्हणजे दोनशे रुपये. जोखमीचा भाग वर्षाला चार हजार धरला तर पंचवीस दिवसांचे सुमारे पावणेतीनशे होतात. तपासणी झालेली नसेल तर लाखातून पाचशेच्या आत रक्कम जाते. युनिट लिंक्ड पॉलिसीत बाजारभावाचा फरकही येतो, तो वर किंवा खाली कसाही असू शकतो. विनंती मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याजासह.

एजंटाचं कमिशन ग्राहकाच्या पैशातून कापता येत नाही. 'मला तोटा होईल हो' असं कुणी काकुळतीला येऊन म्हणालं तरी तो हिशेब कंपनीचा आणि त्याचा आहे.

पत्र दिल्यानंतर बँकेत आपोआप हप्ता कापण्याची संमती दिलेली असेल, तर तीही रद्द करायला हवी. ते राहून गेलं तर पुढच्या वर्षी खात्यातून पुन्हा लाख जाण्याची शक्यता उरते.

कंपनीने पत्र नाकारलं किंवा दडपलं तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि मग नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे ऐकले जातात. ज्यांचे तीस दिवस सरून गेले आहेत त्यांनाही फसव्या विक्रीबद्दल हा रस्ता खुला असतो. मात्र तिथे फसवणूक दाखवून द्यावी लागते. तेव्हा पेनाने गोल काढलेला तो तक्ता, व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'गॅरंटीड डबल' असा मेसेज आणि बँकेने सांगितलेल्या आकड्यांची टिपलेली चिठ्ठी, असले कागद कामाला येतात.