अप्रातिनिधिक नमुन्याचा आक्षेप आणि त्याचे उत्तर

बोलीच्या पाहणीवरील निबंध नियतकालिकाकडे गेला की परीक्षकाचा एक अभिप्राय वारंवार येतो : ‘निवेदकांचा नमुना प्रातिनिधिक नाही.’ त्यावर लेखक एकतर नमुन्याचा सरसकट कैवार घेतो, किंवा ‘पाहणीला मर्यादा आहेत’ असे एक वाक्य अखेरीस जोडून मोकळा होतो. या दोन्ही उत्तरांत खरा प्रश्न बाजूला पडतो. नमुना स्वतःच्या ठायी प्रातिनिधिक किंवा अप्रातिनिधिक नसतो. तो एखाद्या विधानासाठी पुरेसा असतो अथवा नसतो. म्हणून या आक्षेपाने आपले कोणते विधान कोसळते आणि कोणते टिकते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, आणि ‘काळा’चे ‘काया’ व ‘डोळा’चे ‘डोया’ असे उच्चार ऐकू येतात, हे सर्वविदित आहे. समजा, एका तालुक्यात 60 निवेदकांची पाहणी झाली. निवेदक ओळखीपाळखीतून मिळाल्यामुळे त्यांपैकी 45 महाविद्यालयात शिकलेले व 15 न शिकलेले निघाले. ‘य’चा उच्चार पहिल्या गटात 9 जणांनी आणि दुसऱ्या गटात 12 जणांनी केला. या आधारावर लेखकाने तीन विधाने केली : तालुक्यात दोन्ही उच्चार आढळतात, महाविद्यालयीन गटात ‘य’ कमी आहे, आणि तालुक्यातील 35 टक्के लोक ‘य’ उच्चारतात.

पहिल्या विधानाला आक्षेपाची बाधा पोहोचत नाही. एखादे रूप अस्तित्वात आहे हे दाखविण्यास विश्वसनीय निवेदकांचे मोजके उच्चारही पुरतात. मात्र जे रूप या 60 जणांत आढळले नाही ते तालुक्यातच नाही, असे म्हणता येणार नाही.

दुसरे विधान तुलनेचे आहे. विल्यम लबॉव यांनी 1962 साली न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत 264 कर्मचाऱ्यांचे उच्चार टिपले. शब्दातील ‘र’ संपूर्णपणे वा काही अंशी उच्चारणाऱ्यांचे प्रमाण उच्चभ्रू दुकानात 62, मध्यम दुकानात 51 आणि स्वस्त दुकानात 20 टक्के आढळले. त्या पाहणीचे बळ दुकानांमधील या क्रमात आहे. शहरातील किती लोक ‘र’ उच्चारतात, हे त्या आकड्यांवरून काढता येत नाही. आपल्या उदाहरणातही 20 व 80 टक्के हे अंतर मोठे आहे. परंतु ते 15 जण बहुशः वृद्ध असतील, तर हा भेद शिक्षणाचा की वयाचा, हे कळत नाही. समवयस्क निवेदकांची वेगळी तुलना करूनही अंतर राहिले, तरच विधान टिकते. एरवी ‘शिक्षणामुळे’ हा शब्द गाळावा.

तिसरे विधान मात्र सोडून द्यावे लागते. 35 टक्के हा आकडा तालुक्याचा नव्हे, तर 45 आणि 15 या आपल्या विभागणीचा आहे. समजा, जनगणनेनुसार तालुक्यात महाविद्यालयीन शिक्षण झालेले पाचांत एकच आहेत. त्या प्रमाणात भार दिला, तर ‘य’चे प्रमाण 68 टक्के होते. हा फरक पाहून परीक्षकाचे म्हणणे किती रास्त होते, हे ध्यानात येते. पण 35 खोडून 68 लिहिणे हाही उपाय नव्हे. हा नवा आकडा मुख्यतः 15 व्यक्तींवर उभा आहे. 15 पैकी 12 या निष्कर्षाची नेहमीची 95 टक्क्यांची विश्वासमर्यादा सुमारे 52 ते 96 इतकी रुंद आहे. तेव्हा दुसऱ्या गटाची ही एकच अनिश्चितता धरली तरी तालुक्याचे प्रमाण सुमारे 46 पासून 81 पर्यंत कोठेही असू शकेल. शिवाय ही मर्यादा यदृच्छेने निवडलेल्या व्यक्तींसाठी असते. ते 15 जण एकाच वस्तीतील परिचित असतील, तर भार देऊन गटांचे प्रमाण सुधारते, गटातील निवडीचा दोष सुधारत नाही.

तेव्हा उत्तर साधारणतः असे लिहावे : ‘परीक्षकांचा आक्षेप तालुक्यातील प्रमाणाविषयीच्या विधानास पूर्णतः लागू पडतो, ते विधान व त्यावर आधारलेला परिच्छेद आम्ही काढून टाकला आहे. दोन गटांतील तुलना कायम ठेवली असून समवयस्कांची तुलना कोष्टकात दिली आहे. ती केवळ पाहिलेल्या निवेदकांपुरती आहे. निवेदक कसे मिळाले व कोणी नकार दिला, हे आता नोंदविले आहे.’ यानंतर शीर्षक आणि सारांशही तपासावेत. अंतर्भागातून मागे घेतलेले विधान पुष्कळदा तेथे तसेच राहून जाते, आणि परीक्षकाची दृष्टी प्रथम तेथेच जाते.