एकच चेंडू, तीन वेळा

फेब्रुवारी १९८१. मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीत ऑस्ट्रेलियाला जिंकायला अवघ्या १४३ धावा हव्या होत्या आणि चौथ्या दिवसअखेर त्यांची अवस्था ३ बाद २४ झाली होती. करसन घावरीने ग्रेग चॅपेलचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला होता. पाचव्या दिवशी मांडीचा स्नायू दुखावलेला कपिल देव गोलंदाजीला उतरला, त्याने २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांवर आटोपला. भारत ५९ धावांनी जिंकला, मालिका बरोबरीत सुटली. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत हा सामना दिसला नाही, तो ऐकला गेला. भल्या पहाटे, शॉर्टवेव्हवर, खरखरीतून वर येणाऱ्या आणि पुन्हा बुडणाऱ्या इंग्रजी आवाजात.

अशा घरांत तेव्हा जे घडत होतं ते एका गोष्टीच्या रूपाने सांगतो. मिरजेतला नववीतला एक मुलगा आणि एसटी डेपोत कारकून असलेला त्याचा मामा. मुलगा मराठी शाळेत शिकणारा. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्याचं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. म्हणजे चार वर्षांत गो-वेन्ट-गॉनचे तक्ते तोंडपाठ, पण इंग्रजी बातम्या लागल्या की डोक्यावरून पाणी. क्रिकेट मात्र पक्कं. मामाचं इंग्रजी कामापुरतं, पण कान तयार. आकाशवाणीवर भारतातल्या सामन्यांचं वर्णन आलटूनपालटून इंग्रजीत आणि हिंदीत यायचं. इंग्रजीची पाळी आली की मुलगा उठून जायचा. मेलबर्नला तर हिंदीची सोयच नव्हती.

"मामा, काय म्हणाला तो?"

"तूच सांग. टाळ्या पडल्या का ओरडा झाला?"

या उलट्या प्रश्नातच पहिली किल्ली होती. परक्या भाषेतलं बोलणं समजायला काय चाललंय याचा अंदाज आधीच असावा लागतो. बातम्यांत तो नसतो. क्रिकेटमध्ये मात्र गोलंदाज धावत येणार, चेंडू टाकणार, फलंदाज तो सोडणार, अडवणार किंवा मारणार, एवढ्याच शक्यता. प्रेक्षकांचा गलका अर्धं उत्तर सांगतो आणि षटक संपलं की समालोचक धावसंख्या सांगून उरलेलं. अंदाज चुकला तरी दोन-तीन मिनिटांत कळतं.

मामाने दुसरी गोष्ट केली ती जमिनीवर. फरशीवर खडूने मोठा गोल काढला, मधे खेळपट्टी, दोन फलंदाजांच्या जागी काड्यापेटीच्या दोन काड्या आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे अकरा चिंचोके. समालोचक क्षेत्ररचना सांगायला लागला की मुलाने चिंचोके हलवायचे. दोन स्लिप, एक गली, पॉइंट, कव्हर, मिड-ऑफ. मग चेंडू कुठे गेला ते बोटाने दाखवायचं. 'थ्रू द कव्हर्स' म्हणजे बोट दोन चिंचोक्यांच्या मधून जाणार. 'पास्ट पॉइंट' म्हणजे पॉइंटच्या बाजूने निसटणार. 'ओव्हर मिड-ऑफ' म्हणजे बोट उचलून त्याच्या डोक्यावरून न्यायचं. 'टोवर्ड्स मिड-ऑन' म्हणजे तिकडे जाणार, पण पोचलाच असं नाही. मराठी मुलांची इंग्रजीत सर्वांत जास्त दमछाक होते ती याच शब्दांशी, कारण आपल्याकडे हे काम नामाला चिकटून मागे येणारी अक्षरं करतात आणि इंग्रजीत ते नामाच्या आधी सुटं उभं राहतं. शाळेत ती यादी पाठ करून घेतात. इथे प्रत्येक शब्दाला एक दिशा मिळाली, आणि बोट चुकीच्या दिशेला गेलं तर पुढच्याच वाक्यात भलताच क्षेत्ररक्षक चेंडू अडवायचा. चूक पकडायला मामाची गरज उरली नाही.

पण इंग्रजी खऱ्या अर्थाने उलगडलं ते क्रियापदांत. तिथे मामाचा हिशेब असा होता की क्रिकेटमधला महत्त्वाचा प्रत्येक चेंडू तीन वेळा सांगितला जातो. एक चेंडू घेऊन पाहू. शब्द कुणा एका समालोचकाचे नाहीत, पण घडण नेहमीची आहे.

चेंडू चालू असताना समालोचक म्हणतो, "इन कम्स कपिल, बोल्स, आउटसाइड ऑफ स्टम्प, ही ड्राइव्ह्ज, अँड मिसेस." इथे सगळी क्रियापदं साध्या वर्तमानकाळात. 'इज कमिंग' म्हणायला सवड नसते. शिवाय कर्ता मागे आणि क्रियापद पुढे आलेलं, आणि चेंडू ऑफ स्टम्पबाहेर आहे हे सांगताना 'द बॉल इज' हे शब्द गाळलेले. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८३ साली खेळांच्या धावत्या वर्णनाच्या भाषेवर निबंध लिहिला. त्याचा भर अमेरिकन खेळांवर होता, पण त्याने नोंदवलेल्या गोष्टी ह्याच: गाळलेले शब्द, उलटवलेली रचना, घडतानाच्या घटनेला साधा वर्तमानकाळ. वेगामुळे वाक्यं आखूड होतात आणि त्याच त्या साच्यात पुन्हा पुन्हा येतात. शिकणाऱ्याला हे फायद्याचंच, कारण एका दिवसात तोच साचा शेकड्याने कानावरून जातो.

चेंडू संपला की शेजारी बसलेला जाणकार खेळाडू बोलतो. तो सावकाश बोलतो आणि त्याची वाक्यं पूर्ण असतात. "ही हॅज बीटन हिम अगेन. ही शुड हॅव लेफ्ट दॅट अलोन." नुकत्याच घडलेल्या गोष्टीला 'हॅज', आणि करायला हवं होतं पण केलं नाही त्याला 'शुड हॅव'. हे 'शुड हॅव' शाळेत मुलाला कधीच नीट कळलं नव्हतं. फलंदाज बाद झाल्यावर जाणकाराच्या हळहळीत ते ऐकलं तेव्हा कळलं, कारण 'सोडायला हवा होता' हे त्याच्याही तोंडून त्याच क्षणी निघालं होतं.

तिसऱ्यांदा तोच चेंडू दुसऱ्या दिवशी येतो, छापून. मुंबईचा इंग्रजी पेपर डेपोत आला की मामा संध्याकाळी क्रीडापान घरी आणायचा. तिथे सगळं भूतकाळात: कपिलने 'बीट' केलं, फलंदाजाने 'ड्रोव्ह', तो 'वॉज बोल्ड'. तक्त्यातली ड्राइव्ह, ड्रोव्ह, ड्रिव्हन ही तीन रूपं आता तीन प्रसंगांत वाटली गेली. चेंडू चालू असताना 'ही ड्राइव्ह्ज', चेंडू सीमापार गेल्यावर 'ड्रिव्हन फॉर फोर', आणि उद्याच्या पेपरात 'ही ड्रोव्ह'. पेपरचा आणखी एक उपयोग झाला. कानाने 'एल्बीडब्ल्यू' ऐकलेलं आणि 'थर्डमॅन' हा एकच शब्द समजलेला मुलगा स्पेलिंग पहिल्यांदा पाहत होता. ऐकून शिकणाऱ्याची ही ठरलेली अडचण आहे: शब्द कुठे तुटतो हे कानाला कळत नाही.

मामाने नेम ठरवला तो अगदी लहान. दिवसाला एकच षटक. सहा चेंडू वहीत मराठी लिपीत ऐकू येतील तसे उतरवायचे, जे सुटलं तिथे रेघ मारायची. रात्री त्या सहा चेंडूंचं वर्णन मोठ्याने वर्तमानकाळात करायचं. दुसऱ्या दिवशी तेच षटक पेपरच्या पद्धतीने भूतकाळात लिहायचं. सुरुवातीला पानभर रेघाच होत्या. मग रेघा चेंडूच्या वर्णनातून हटल्या आणि जाणकाराच्या बोलण्यात उरल्या. आपण कुठवर आलो हे ओळखायची खूणही तीच.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती लवकरच दिसली. शाळेत सहलीवर निबंध आला. मुलाने लिहिलं, "वी गो टू पन्हाळा, वी क्लाइंब, वी ईट." कालची सहल चालू सामन्यासारखी झाली होती. दोन-तीन वाक्यांत तर क्रियापदच नव्हतं, जसं समालोचक गाळतो तसं. सरांनी लाल शाई ओतली. कानात भरलेला साचा लिखाणात जसाच्या तसा उतरला की समजावं, मुलगा पहिलंच सांगणं ऐकतोय, तिसरं वाचत नाहीये. मामाने वही तपासली तर खरंच, मालिका संपल्यापासून पेपरातला भाग बंद पडला होता. उपाय नवा नव्हता. सहलीचा दिवस जुन्या सामन्यासारखा उद्याच्या पेपरसाठी लिही, एवढंच त्याने सांगितलं, आणि 'क्लाइंब्ड' आणि 'एट' जागेवर आले.

दुसरी उणीव मात्र समालोचन स्वतःहून भरून काढू शकत नाही. समालोचक प्रश्न विचारत नाही, 'मला' आणि 'तुम्हाला' म्हणत नाही, तिकीट मागत नाही की रस्ता विचारत नाही. सगळी भाषा तिसऱ्या माणसाबद्दल. म्हणून महिनोन्महिने ऐकूनही मुलाला इंग्रजीत साधा प्रश्न विचारता येईना. यावर मामाने घरातच नियम केला: रेडिओ मामाजवळ, आणि धावसंख्या हवी असेल तर इंग्रजीत विचारायची. 'हू इज बॅटिंग', 'हाउ मेनी रन्स डू दे नीड', 'हाउ वॉज ही आउट'. चुकलं की उत्तर नाही. सामना ऐन रंगात असताना 'डू' विसरण्याची चैन फार काळ परवडत नाही.

आज हे करायचं तर टीव्हीपेक्षा नुसतं ऐकणं बरं. टीव्हीवर चेंडू डोळ्यांना दिसतो, त्यामुळे समालोचक त्याचं वर्णन करायच्या फंदात पडत नाही. तो आठवणी सांगतो, थट्टा करतो, शांत बसतो. म्हणजे तीन सांगण्यांपैकी पहिलं, सर्वांत सोपं सांगणंच गळून जातं आणि नवशिक्याच्या हाती अवघड तेवढं उरतं. आकाशवाणीचं किंवा बीबीसीवर १९५७ पासून चालत आलेल्या 'टेस्ट मॅच स्पेशल'सारखं श्राव्य वर्णन अजूनही चेंडूमागून चेंडू सांगतं. एकदिवसीय किंवा ट्वेंटी-२० पेक्षा कसोटी बरी, कारण तिथे दोन चेंडूंच्या मधे जाणकाराला पूर्ण वाक्य बोलायला उसंत मिळते.

गोष्टीतल्या मामाने वर्षअखेरीला भाच्याची परीक्षा घेतली ती क्रिकेटवर नव्हे. पेपरचं पहिलं पान पुढे टाकलं आणि एका बस अपघाताची बातमी वाचायला सांगितली. जखमींना इस्पितळात नेण्यात आलं, ड्रायव्हरला अटक झाली, गाडी पुलाच्या कठड्यावरून खाली गेली, हे मुलाने न अडखळता सांगितलं. 'वॉज टेकन' त्याला 'वॉज कॉट'मुळे माहीत होतं आणि 'ओव्हर' चिंचोक्यांमुळे. अडला तो कठडा, जामीन, पंचनामा यांच्या इंग्रजी शब्दांशी. मामाने त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली, पेपर त्याच्याकडे सरकवला आणि कपाटातली डिक्शनरी काढून दिली.