हारुकाच्या आईवडिलांना पहिलं पत्र

पुण्यात जपानी शिकून टोकियोत नोकरीला लागलेली मराठी मुलं-मुली आता पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींचं तिथेच कुणाशी तरी जुळतं. मग एक दिवस जोडीदार म्हणतो, ‘माझ्या आईवडिलांना एकदा लिहून पाठव ना.’ ऑफिसात रोज जपानी ई-मेल लिहिणारा हात तेव्हा अडखळतो, आणि त्याला तसं कारणही आहे. कंपनीची जपानी शिष्ट असली तरी ती ग्राहकाशी बोलायची भाषा आहे. तिथे प्रत्येक मेल ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ने, म्हणजे ‘आपलं सहकार्य नेहमी लाभतं’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होते. ज्यांना आपण कधी भेटलोच नाही, त्यांना हे वाक्य लिहिलं की पत्र एखाद्या पुरवठादाराकडून आल्यासारखं वाटतं.

उदाहरणादाखल समजू, मुलगा पुण्याचा, नाव अमेय जोशी. मुलगी हारुका सातो, तिचे आईवडील नागानोत राहतात आणि महिना नोव्हेंबरचा आहे.

औपचारिक जपानी पत्राची सुरुवात ‘हाइकेइ’ या शब्दाने होते आणि शेवट ‘केइगु’ने. ही जोडी आहे. एक घातला की दुसरा हवाच. ‘हाइकेइ’नंतर ऋतूबद्दल एक वाक्य येतं. ‘बान्शू नो को’ हा ठरीव शब्दप्रयोग चालतो, पण तो कार्यालयीन वाटतो. त्यापेक्षा ‘आसायू हिएकोमु यो नि नारिमाशिता गा, इकागा ओसुगोशि देशो का’ बरं. सकाळ-संध्याकाळ गारवा वाढलाय, आपण कसे आहात, एवढंच त्यात आहे. पत्र भारतातून टाकणार असाल तर ते पोहोचेल त्या दिवसांतला मोसम लिहावा.

मग खरं वाक्य येतं. आधी ‘तोत्सुझेन नो ओतेगामि, शित्सुरेइ इताशिमासु’, म्हणजे अचानक पत्र लिहितोय, क्षमा असावी. त्यानंतर ‘हारुका-सान तो ओत्सुकिआइ सासेते इतादाइते ओरिमासु, अमेय जोशी तो मोशिमासु’. सगळी नम्रता इथे क्रियापदांत आहे. ‘सासेते इतादाइते’मध्ये ‘तुमच्या संमतीने मला हे लाभतंय’ असा भाव येतो. ‘ओरिमासु’ आणि ‘मोशिमासु’ ही स्वतःबद्दल बोलताना स्वतःला खाली ठेवणारी रूपं आहेत. त्यामुळे ‘मी अगदी सामान्य आहे, मला काही येत नाही’ असं वेगळं लिहायची गरज उरत नाही. नवखे लोक इथेच वाहवत जातात. ‘फुत्सुत्सुकामोनो’, म्हणजे ‘मी अजाण’, हा शब्द नाटका-मालिकांतून उचलून घालतात. तो सहसा लग्न ठरल्यावर नवरीच्या तोंडी असतो. पहिल्याच पत्रात मुलाने तो घातला, तर आईवडील खुश होण्याऐवजी काळजीत पडतील, कारण आपली मुलगी कुणासोबत आहे हे कळावं म्हणूनच ते पत्र वाचत असतात.

तीच काळजी पुढच्या परिच्छेदाने मिटवायची असते. ‘इंदो नो पुने नो शुश्शिन दे, गेन्झाइ वा तोक्यो नो काइशा नि त्सुतोमेते ओरिमासु’, म्हणजे मूळचा भारतातल्या पुण्याचा, सध्या टोकियोत नोकरीला आहे. किती वर्षं जपानात आहे, काम काय करतो, घरी कोण असतं, हे साध्या वाक्यांत सांगावं. स्वतःच्या आईवडिलांसाठी ‘चिची’ आणि ‘हाहा’ वापरायचं. त्यांना ‘ओतोसान’, ‘ओकासान’ म्हणणं म्हणजे आपल्याच माणसांना आदरार्थी बोलणं. नाव काताकाना लिपीतही लिहावं आणि जोशी हे आडनाव आहे हे सांगावं. नाहीतर भेटीच्या दिवशी ते ‘अमेया-सान’ म्हणावं की ‘जोशी-सान’ या पेचात पडतात. पगार, घराण्याचा मोठेपणा, पदव्यांची यादी मात्र या पत्रात नको.

हारुकाचा उल्लेख प्रत्येक वेळी ‘हारुका-सान’ असाच हवा. ती घरी ‘हारु-चान’ असेल, पण तो हक्क घरच्यांचा. ‘कानोजो’ हा मित्रांत चालणारा शब्दही नको. प्रेमाची कबुली तर अजिबातच नको. ‘ताइसेत्सु नि ओमोत्ते ओरिमासु’, म्हणजे ती मला मोलाची वाटते, एवढ्यात सगळं पोहोचतं. मला या पत्रातलं सर्वांत सुंदर वाक्य वाटतं ते असं: ‘हारुका-सान नो ओमोइयारि नो आरु ओहितोगारा नि, इत्सुमो तासुकेरारेते ओरिमासु.’ दुसऱ्याचा विचार करणाऱ्या तिच्या स्वभावाचा मला नेहमी आधार मिळतो. यात कौतुक मुलीचं आहे, पण तिला वाढवणाऱ्यांनाही ते पोहोचतं.

आईवडिलांना हाक काय मारायची, इथे मराठी माणूस हमखास घसरतो. आपल्याकडे मित्राचे आईवडील पहिल्या भेटीतच काका-काकू होतात. जपानीत तसंच ‘ओजिसान’, ‘ओबासान’ लिहिलं तर अनोळखी प्रौढ माणसाला सलगीने हाक मारल्यासारखं होतं. ‘ओतोसान’ म्हणायला लग्न ठरलेलं नाही. ‘मला ओतोसान म्हणायचा तुला काय अधिकार’ असं ओरडणारा बाप जपानी मालिकांत नेहमीचा आहे. म्हणून पत्राच्या शेवटी तारीख आणि आपलं नाव घातल्यावर वडील आणि आई दोघांचीही पूर्ण नावं लिहायची आणि प्रत्येक नावाला वेगळं ‘सामा’ जोडायचं. मजकुरात ‘गोर्योशिन-सामा’ पुरतं.

लग्नाची मागणी या पत्रात घालू नये, ती समोर बसून करायची गोष्ट आहे. भेटीची तारीखही मागू नये, कारण तारीख मागितली की त्यांना लगेच उत्तर देणं भाग पडतं. ‘ओमे नि काकारेरु हि ओ तानोशिमि नि शिते ओरिमासु’, म्हणजे आपल्या भेटीच्या दिवसाची वाट पाहतोय, असं म्हणून थांबावं. मग ‘दोझो गोजिआइ कुदासाइ’, प्रकृतीला जपा, आणि ‘केइगु’.

कागद पांढरा, रेघांचा, उभ्या लिखाणाचा. शाई काळी किंवा गडद निळी. चूक झाली तर पांढरा रंग न लावता पूर्ण पान पुन्हा लिहावं. अक्षर ओबडधोबड असलं तरी ते तुमचं असू द्या. हारुकाला वाचायला जरूर द्या, पण तिला व्याकरणच दुरुस्त करू द्या. तिने सगळं पत्र पंडिती जपानीत रचून दिलं आणि भेटीत तुमच्या तोंडून साधी वाक्यं आली, तर ते अंतर लगेच जाणवतं. भाषा कच्ची असेल तर ‘त्सुतानाइ निहोन्गो दे शित्सुरेइ इताशिमासु’, माझ्या मोडक्या जपानीबद्दल क्षमा असावी, हे एकदा लिहावं.

आता बऱ्याच घरांत पहिली ओळख ‘लाइन’ अ‍ॅपवरच होते. तिथे ‘हाइकेइ-केइगु’ गळतं आणि ऋतूचं वाक्य असलं-नसलं तरी चालतं. नाव, नातं, एक ओळ स्वतःबद्दल, एक ओळ हारुकाबद्दल आणि भेटीची इच्छा, एवढा मजकूर एकाच संदेशात पाठवावा. तुकडे पाडले की त्यांचा फोन पाच वेळा वाजतो. रात्री नऊनंतर पाठवू नये. त्यांनी वाचल्याची खूण दिसली आणि दोन दिवस उत्तर आलं नाही, तरी पुन्हा विचारू नये, कारण तेही उत्तरातली क्रियापदं जुळवत बसलेले असू शकतात. चित्रांचे स्टिकर मात्र त्यांच्याकडून पहिला आल्याशिवाय पाठवू नयेत.