वेटिंग तिकीट कन्फर्म झालंच नाही तर? घरातून निघण्याआधी काय ठरवायचं, पैसे किती परत मिळतात

चिखलीच्या एका कुटुंबाचं उदाहरण घेऊ. आईला सोमवारी सकाळी मुंबईच्या रुग्णालयात दाखवायचं आहे. रविवारी रात्री शेगावहून विदर्भ एक्स्प्रेसचं स्लीपरचं तिकीट मोबाइलवर काढलं. तिघांचं एकच पीएनआर आहे आणि शनिवारी सकाळीही तिघं वेटिंगवरच आहेत. अशा वेळी 'बघू, होईल कन्फर्म' म्हणून रविवार संध्याकाळपर्यंत थांबणं महागात पडतं, कारण पर्याय एकेक करून त्याआधीच बंद होत जातात.

वेटिंग कोणतं आहे, ते आधी पाहा

नंबर किती, याआधी त्यामागची अक्षरं वाचा. GNWL म्हणजे साधारण वेटिंग. ते बहुतेक गाडी सुटते त्या भागातल्या प्रवाशांना मिळतं आणि पुढे सरकण्याची शक्यता त्यात सर्वांत जास्त असते. मधल्या स्थानकांवरून निघणाऱ्यांना बऱ्याचदा RLWL किंवा PQWL मिळतं. या कोट्यात मुळात जागा कमी, त्यामुळे रद्द होणारी तिकिटंही कमी. म्हणून GNWL २० कन्फर्म होतं आणि PQWL ८ अडकून राहतं, असं घडू शकतं. TQWL म्हणजे तत्काळचं वेटिंग. त्यात आरएसी नसते आणि साधारण वेटिंगला त्याच्या आधी जागा मिळते.

आरएसी मिळाली तर मात्र प्रवास करता येतो. बसायला जागा मिळते, झोपायला मिळेलच असं नाही. आईची तब्येत पाहून ते ठरवावं लागेल.

घड्याळ शेगावचं नाही, गाडीचं

शेगाव, नांदुरा, मलकापूरच्या प्रवाशांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. तत्काळ तिकीट आदल्या दिवशी मिळतं, पण तो दिवस मोजला जातो गाडी जिथून निघते त्या स्थानकापासून. एसीसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता बुकिंग सुरू होतं.

विदर्भ एक्स्प्रेस रविवारी दुपारी गोंदियाहून निघते आणि त्याच रात्री शेगावला येते. तिचं तत्काळ शनिवारी उघडेल. अमरावती-मुंबई एक्स्प्रेसचंही तसंच. पण हावड्याहून येणारी गीतांजली रविवारी शेगावला मिळणार असेल तर ती हावड्याहून शनिवारी निघालेली असते. तिचं तत्काळ शुक्रवारीच उघडतं. शनिवारी सकाळी जागे झालेल्या या कुटुंबासाठी तो दरवाजा जवळजवळ बंद झालेला आहे.

ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी पडताळलेलं हवं. जुलै २०२५ पासून हे सक्तीचं आहे. ११ वाजता ते करत बसलात तर जागा गेलेल्या असतात, म्हणून आदल्या रात्रीच करून ठेवा.

चार्टचंही तेच. पूर्वी तो गाडी सुटण्याच्या चार तास आधी व्हायचा. २०२५ पासून रेल्वेने तो किमान आठ तास आधी करायला सुरुवात केली. त्यामुळे दुपारी गोंदियाहून सुटणाऱ्या गाडीचा निकाल रात्रीपर्यंत ताणला जात नाही, रविवारी सकाळीच कळू शकतो. पीएनआर तपासताना CHART PREPARED दिसलं की वेटिंगची वाट पाहणं संपलं.

चार्टमध्ये नाव नसेल तर

ऑनलाइन तिकिटावरची तिन्ही नावं वेटिंगवरच राहिली तर ते तिकीट आपोआप रद्द होतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. असं तिकीट दाखवून स्लीपरमध्ये चढलात तर विनातिकीट समजून भाडं आणि किमान २५० रुपये दंड घेतला जातो.

खिडकीवरून काढलेलं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही. ते घेऊन जनरल डब्यातून जाता येतं, स्लीपर किंवा एसीतून नाही. प्रवास करायचा नसेल तर गाडीच्या ठरलेल्या वेळेच्या किमान अर्धा तास आधी ते रद्द करायला हवं. काढताना मोबाइल नंबर दिला असेल तर आयआरसीटीसीच्या साइटवर ओटीपीने रद्द करता येतं, पण पैसे खिडकीवरच घ्यावे लागतात.

हातात किती येतात?

वेटिंग किंवा आरएसी तिकीट रद्द झालं की दर प्रवाशामागे ६० रुपये कापले जातात, एसीमध्ये त्यावर जीएसटीही. समजा तिघांचं भाडं १०५० रुपये होतं. १८० वजा जाऊन ८७० रुपये परत येतील. बुकिंगच्या वेळी आयआरसीटीसीने घेतलेलं सुविधा शुल्क परत मिळत नाही. पैसे खात्यात यायला काही दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या तिकिटासाठी वेगळी रक्कम हाताशी ठेवा.

तिघांपैकी एकाचंच कन्फर्म झालं तर तिकीट आपोआप रद्द होत नाही. कुणालाच जायचं नसेल तर गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द करा, चार्ट झाला असेल तर टीडीआर भरा. मग कन्फर्म प्रवाशाचेही फक्त ६० रुपये कापून बाकीचे परत मिळतात. ही वेळ चुकली की पैसे मिळवणं कठीण.

तत्काळ कन्फर्म झालं तर मात्र ते रद्द केल्यावर काहीच परत मिळत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीचं तत्काळ हाती आलं की जुनं वेटिंग तिकीट लगेच रद्द करा. ते चार्टच्या तोंडावर कन्फर्म झालं तर ६० रुपयांऐवजी भाड्यातला मोठा वाटा जाऊ शकतो.

उरलेले पर्याय

चार्टनंतरही काही जागा रिकाम्या राहतात. आयआरसीटीसीवर Charts/Vacancy मध्ये गाडी, तारीख आणि स्थानक टाकलं की कोणत्या टप्प्यात कुठली बर्थ मोकळी आहे ते दिसतं. ती करंट बुकिंगमध्ये घेता येते.

'विकल्प' योजनेत दुसऱ्या गाडीत जागा मिळू शकते, पण ती चार्ट होण्याआधीच निवडावी लागते. एकदा दुसरी गाडी मिळाली की मूळ गाडीत जाता येत नाही, आणि रद्द केलं तर कन्फर्म तिकिटासारखे पैसे कापतात. नवी गाडी ७२ तासांपर्यंत उशिराची असू शकते. सोमवारी सकाळी रुग्णालय गाठायचं असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

भुसावळचाही विचार करा. मलकापूरपासून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि इटारसीकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या तिथे मिळतात. शेगावला जागा नसली तरी तिथून असू शकते.

शेवटी बस. चिखली, मेहकरहून रात्रीच्या बसमध्ये जागा राखायची असेल तर रविवारी दुपारपर्यंत ठरवलेलं बरं. एसटीत महिलांना निम्मं भाडं लागतं आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ते माफ आहे.

या कुटुंबाने काय करावं?

शनिवारी ११ वाजता अमरावती-मुंबईचं स्लीपर तत्काळ काढून पाहावं. मिळालं तर विदर्भचं वेटिंग तिथेच रद्द करावं. नाही मिळालं तर रविवारी सकाळी चार्ट पाहावा, मग मोकळ्या बर्थ, मग भुसावळ. दुपारी १२ पर्यंत काहीच जुळलं नाही तर बसची जागा राखावी. चिखलीहून शेगावला निघण्याआधी निर्णय झालेला असला म्हणजे आजारी माणसाला घेऊन रात्री फलाटावर ताटकळावं लागत नाही.