शीतगृहात ६५५३ अंश

द्राक्षांच्या शीतगृहात तापमान शून्याच्या अगदी जवळ ठेवावं लागतं आणि हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर. अशा एका खोलीचं तापमान पडद्यावर उतरत उतरत ०.२, ०.१, ०.० असं आलं आणि पुढच्याच क्षणी ६५५३.५ झालं, अशी कल्पना करा. सूर्याच्या पृष्ठभागावरही इतकी उष्णता नसते. बघणारा माणूस आधी वायर हलवून पाहतो, मग सेन्सर बदलायला काढतो. पण वायर ठीक असते, सेन्सरही ठीक असतो, आणि संदेश तर अक्षरशः जसाच्या तसा पोहोचलेला असतो. चूक असते ती वाचणाऱ्याच्या समजुतीत.

खोलीत भिंतीवर जो छोटा डबा असतो, त्याला नोड म्हणू. आत तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर आणि आरएस-४८५ची चिप. बाहेर पडतात एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. संदेश कुठल्याही एका तारेवर नसतो, तो दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकात असतो. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना जो विजेचा गोंधळ उठतो, तो दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो आणि फरक घेताना वजा होऊन जातो. त्यामुळे पॅनेल शेकडो मीटर लांब असलं तरी चालतं. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा, मध्ये कुठे नाही. तारांना ए आणि बी म्हणतात, पण कुठली ए हे सगळे उत्पादक एकाच पद्धतीने ठरवत नाहीत. नवा नोड मुळीच बोलत नसेल तर दोन तारा अदलाबदल करून पाहणं हा पहिला इलाज.

या तारांवरून जी भाषा बोलली जाते ती मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी ती काढली. शिस्त साधी आहे. मास्टर विचारतो, स्लेव्ह उत्तर देतो. न विचारता कोणी बोलायचं नाही. आपल्या नोडला मास्टरने विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर तारेवर असं दिसतं:

```
01 04 00 00 00 02 71 CB
01 04 04 FF FB 03 90 BA FD
```

पहिल्या ओळीत: एक नंबरच्या नोडा, इनपुट रजिस्टर वाचायची आहेत, शून्यापासून सुरू कर, दोन दे. शेवटचे दोन बाइट तपासणीचे. उत्तरात तोच नंबर, तेच काम, मग ‘पुढे चार बाइट आहेत’ आणि ते चार बाइट. `03 90` म्हणजे ९१२, अर्थात आर्द्रता ९१.२ टक्के. `FF FB` म्हणजे ६५५३१. आणि इथेच ते सूर्यावरचं तापमान जन्माला येतं.

मॉडबसचं रजिस्टर म्हणजे १६ बिटांची जागा, बस. आत काय आहे हे प्रोटोकॉलला ठाऊक नसतं. ते ठरतं नोडच्या रजिस्टर मॅपमध्ये, म्हणजे मॅन्युअलच्या शेवटी असलेल्या तक्त्यात. आपल्या नोडचा तक्ता तीन ओळींचा समजू: तापमान, आर्द्रता आणि शेवटचं मोजमाप होऊन किती सेकंद झाले तो आकडा. तापमानापुढे ‘एक दशांश अंश, चिन्हासह’ असं लिहिलेलं असतं. चिन्हासह वाचायचं तर ३२७६७च्या वरच्या आकड्यातून ६५५३६ वजा करायचे. ६५५३१ चे होतात उणे ५, म्हणजे उणे अर्धा अंश. द्राक्षं सुखात आहेत.

दुसरा सापळा क्रमांकांचा. मॅन्युअल पहिल्या इनपुट रजिस्टरला ३०००१ म्हणतं, पण तारेवर त्याचा पत्ता शून्य जातो. काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर हा एक स्वतःच वजा करतं, काहींचं नाही. एकाचा फरक राहिला की मास्टर एक घर पुढून वाचतो आणि पडद्यावर तापमान ९१.२ अंश, आर्द्रता ०.३ टक्के असं काहीतरी येतं. आर्द्रता तापमानाच्या जागी बसली आणि सेकंदांचा आकडा आर्द्रतेच्या. शंका आली तर त्याच मांडणीत तीन रजिस्टर मागून पाहावीत. तिसरं घर अस्तित्वातच नसल्याने नोड नकार पाठवतो:

```
01 84 02 C2 C1
```

`04` चं `84` झालं की समजायचं, नोडने तक्रार केली आहे. `02` म्हणजे ‘असा पत्ता माझ्याकडे नाही’. हा नकार फार उपयोगाचा असतो, कारण तो येतो म्हणजे तारा, वेग, नोडचा नंबर सगळं बरोबर आहे.

आता वेळेकडे. मॉडबसच्या या प्रकारात, ज्याला आरटीयू म्हणतात, संदेश संपला हे सांगणारं कुठलंही चिन्ह नाही. संपल्याची खूण म्हणजे शांतता: साडेतीन बाइट पाठवायला जितका वेळ लागेल तितकी. ९६०० बॉडला एक बाइट, सुरुवातीचा, पॅरिटीचा आणि शेवटचा बिट धरून, ११ बिटांचा. त्याला १.१५ मिलिसेकंद लागतात, म्हणून शांतता साधारण ४ मिलिसेकंदांची. एकाच संदेशाच्या दोन बाइटांमध्ये मात्र दीड बाइटापेक्षा जास्त खंड पडता कामा नये. वेग १९२००च्या वर गेला की मायक्रोकंट्रोलरची दमछाक नको म्हणून शांतता १.७५ मिलिसेकंद आणि खंडाची मर्यादा ०.७५ मिलिसेकंद अशी कायम धरावी, अशी शिफारस आहे.

नोड बनवणाऱ्यांचा घात बहुतेक वेळा याच मिलिसेकंदांत होतो. दोन तारांवर एका वेळी एकानेच बोलायचं असल्याने उत्तर संपताच नोडने आपला ट्रान्समीटर बंद करायचा असतो. मायक्रोकंट्रोलर दोन वेगळ्या खुणा देतो. एसटीएम३२ मध्ये `TXE` सांगते की बफर रिकामा झाला, आणि `TC` सांगते की शेवटचा बिटही तारेवर गेला. नवखा प्रोग्रामर `TXE` दिसताच ट्रान्समीटर बंद करतो. तेव्हा शेवटचा बाइट नुकताच निघालेला असतो. मास्टरकडे नऊऐवजी आठ बाइट पोहोचतात, तपासणी जुळत नाही, तो उत्तर फेकून देतो आणि पडद्यावर नुसतं ‘कम्युनिकेशन फेल’. ओळखायचं कसं? तारेवर दुसरा ऐकणारा जोडून कच्चे बाइट पाहावेत. प्रत्येक वेळी नेमका शेवटचाच बाइट गहाळ असेल तर वायरिंगला दोष देऊ नये. बाहेरचा गोंधळ इतका शिस्तीचा नसतो.

खरा गोंधळ आला तर तो पकडायला शेवटचे दोन बाइट असतात, सीआरसीचे. पाठवणारा संपूर्ण संदेशावर एक ठरावीक गणित करून १६ बिटांची बाकी काढतो. ऐकणारा तेच गणित पुन्हा करतो. लागोपाठच्या १६ बिटांच्या पट्ट्यात कितीही बिट बिघडले तरी हे गणित ते हमखास पकडतं. त्याहून मोठी पडझड सटकण्याची शक्यता सुमारे पासष्ट हजारांत एक. इतर आकड्यांत वरचा बाइट आधी जातो, सीआरसीत मात्र खालचा. का, ते विचारू नये, पण घरी लिहिलेल्या कोडमध्ये सीआरसी जुळत नसेल तर पहिल्यांदा हेच तपासावं. चुकीचा सीआरसी मिळालेला स्लेव्ह उत्तरच देत नाही. मास्टरने ठरलेला वेळ थांबायचं आणि पुन्हा विचारायचं.

सीआरसी फक्त वाटेतली मोडतोड पकडतो. डब्यातला सेन्सर थिजला आणि मायक्रोकंट्रोलर जुनाच आकडा पाठवत राहिला, तर उणे अर्धा अंश रात्रभर बिनचूक सीआरसीसह येत राहील, मग बाहेर कॉम्प्रेसर बंद पडला तरी. तक्त्यातलं ते तिसरं रजिस्टर, सेकंदांचं, त्यासाठी ठेवलेलं आहे. नोड दर पाच सेकंदांनी मोजत असेल तर मास्टरमध्ये एक अट घालायची: हा आकडा तीसच्या वर गेला की तापमान काहीही दिसो, भोंगा वाजवायचा.