उकळतं पाणी कुणासाठी?

घरात आरओ आहे, यूव्ही आहे. मग बाळाच्या पावडरच्या दुधासाठी पाणी पुन्हा उकळायचं कशाला? शंका रास्त आहे, पण उत्तर थक्क करणारं आहे. ते गरम पाणी हवं असतं ते मुख्यतः डब्यातल्या पावडरीसाठी!

सीलबंद डबा आपण निर्जंतुक समजतो. तो तसा नसतो. क्रोनोबॅक्टर नावाचा एक जंतू कोरड्या पावडरीत वर्षाहून अधिक काळ तग धरू शकतो. तिथे तो वाढत नाही, पण मरतही नाही. कोमट पाणी मिळालं की मात्र भराभर वाढू लागतो. त्याचा संसर्ग विरळा, पण दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जिवावर बेतणारा. तो थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. यंत्राने पाणी कितीही शुद्ध केलं, तरी ते थंड पाणी या जंतूला हातही लावू शकत नाही.

त्याला मारायला ७० अंश सेल्सियसचं पाणी लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली यासाठी एक सोपा हिशेब दिला: लिटरभर पाणी उकळायचं, झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. तेवढ्या वेळात ते ७० च्या खाली जात नाही. अर्धा पेला पाणी मात्र फार लवकर निवतं, म्हणून उकळताना थोडंसंच घेऊ नये. आधी बाटलीत मोजून पाणी, मग सपाट चमचे पावडर. बाटली बंद करून गार पाण्याच्या भांड्यात धरायची आणि मनगटावर थेंब टाकून पाहायचा; तो कोमट लागला तरच दूध पाजायचं. डब्यावर कोमट पाण्यात कालवायला सांगितलं असेल, तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.

यंत्रातलं पाणी उकळण्याचं आणखी एक कारण आहे. आतला कोळसा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून घेतो. टाकीत साठलेल्या पाण्याला मग राखणदारच उरत नाही, आणि टाकीच्या कडांवर, तोटीच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरू शकतो.

उकळण्यालाही मर्यादा आहे. खतांमुळे विहिरीत, बोअरमध्ये नायट्रेट उतरतं. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते कमी करतं आणि बाळ निळसर पडतं. आपल्याकडे लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. असं काठावरचं पाणी आटवून निम्मं केलं तर तेच प्रमाण ९० होतं, कारण वाफ उडते, नायट्रेट मागे राहतं. तिथे आरओ खरंच कामी येतो. म्हणून बोअरचं पाणी असेल तर आधी तपासून घ्या, आणि कुठलंही पाणी खळखळून उकळी आली की एका मिनिटात उतरवा.

आणि बाळाने बाटलीत ठेवलेलं दूध पुढच्या वेळेसाठी राखू नका. तयार केलेलं, न पाजलेलं दूधही बाहेर दोन तास राहिलं तर ओतून द्या.