एक किलो भाजीच्या रश्श्याला कांदा, टोमॅटो आणि वाटण किती?

मागच्या वेळी प्रश्न आला होता की, वाटणाचं प्रमाण भाजीच्या वजनावर धरायचं की माणसांवर? आपण वजनावर धरू. पण वजन निवडून, चिरून झालेल्या भाजीचं. बाजारातून आणलेल्या एक किलो फ्लॉवरचे दांडे-पाला गेल्यावर बरंच कमी उरतं, आणि वाटण मात्र किलोचं घातलं की नुसता मसालाच लागतो.

उदाहरण घेऊ: फ्लॉवर ५०० ग्रॅम, बटाटा ३०० आणि सोललेला मटार २००. या एक किलोला आपण कांदा ३०० ग्रॅम घेतो, म्हणजे मध्यम आकाराचे तीन, आणि टोमॅटो २०० ग्रॅम, म्हणजे दोन. सुकं खोबरं ५० ग्रॅम, आलं-लसूण मिळून ४० ग्रॅम, कांदा-लसूण मसाला दोन मोठे चमचे, तेल ८० ते १०० मिली. गोडा मसाला वापरणार असाल तर तिखट वेगळं घाला.

यातला दोनशे ग्रॅम कांदा उभा चिरून भाजायचा. खोबरं वेगळं भाजा. ते लवकर करपतं, आणि करपलेलं खोबरं वाटणात गेलं की कडवटपणा साखरेनेही जात नाही. हे दोन्ही आलं-लसणासोबत बारीक वाटा. उरलेला कांदा फोडणीत परतून घ्या, मग वाटण घाला. इथे घाई नको. वाटणातलं पाणी आटलं की ते कढईला सोडून गोळा होतं आणि कडेने तेल दिसायला लागतं. तोवर थांबलो नाही तर रश्शाला कच्च्या कांद्याचा उग्र वास राहतो, तो नंतर कितीही उकळलं तरी हटत नाही.

टोमॅटो कधी? बरेच जण वाटणाबरोबरच घालतात. आपल्या या भाजीत बटाटा आहे, आणि आंबटपणात बटाटा लवकर शिजत नाही. म्हणून भाज्या, सपाट तीन चहाचे चमचे मीठ आणि ६०० मिली गरम पाणी आधी घालायचं. बटाटा अर्धा शिजला की वेगळ्या परतलेल्या टोमॅटोचा गर घालायचा. भाजी दुधीची असेल तर पाणी निम्मंच पुरतं, कारण दुधी स्वतःच पाणी सोडतो.

आता दहा किलोचं. कांदा, टोमॅटो, खोबरं सरळ दहापट करा. पाणी मात्र सहा लिटर नको, मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते, पाचावर थांबा. तेल ६०० ते ७०० मिली पुरतं. तिखट मसाला आधी सातपट घालायचा आणि उकळी आल्यावर चव बघून वाढवायचा. कमी पडलेला वाढवता येतो; जास्त झालेला काढता येत नाही, मग बटाटे उकडत बसावं लागतं.